माझी निवृत्ती : प्रलंबित फायली व आगाऊ फीबाबत अशिलांस पत्र

फोंडा, 2 फेब्रुवारी 2026

सन्माननीय अशील,

स.न.

30 एप्रिल 2026 हा माझ्या वकिलीचा शेवटचा दिवस. त्याआधी तुमची फाइल आणि तुमचे पैसे योग्य हाती गेले पाहिजेत.

मी थांबलो म्हणून वकालतनामा आपोआप संपत नाही. कोर्टाच्या परवानगीने तो संपेपर्यंत नोंदीवर माझेच नाव राहते. तारखेला कोणीच उभे राहिले नाही, तर वादीचा दावा गैरहजेरीत काढून टाकला जाऊ शकतो आणि प्रतिवादीविरुद्ध काम एकतर्फी चालू शकते. म्हणून नवा वकालतनामा 31 मार्चपर्यंत दाखल करा. मे महिन्याच्या सुट्टीवर विसंबू नका.

माझ्या सहकारी वकील तुमचे काम पुढे चालवायला तयार आहेत. पण निवड तुमची. तुम्ही सांगाल त्या वकिलांच्या वकालतनाम्यावर मी ना-हरकत सही देईन. फी थकली असली तरी फाइल अडवणार नाही. थकबाकीपोटी फाइल रोखण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे.

सह्यांत चुका होतात. इन्व्हेंटरीत किंवा मुंडकार प्रकरणात तीन भावंडांचा मी वकील असेन, तर तिघांच्याही सह्या लागतील. आखातात किंवा पोर्तुगालला असलेल्यांच्या वतीने मुखत्यार सही करू शकतो, मात्र मुखत्यारपत्रात वकील नेमण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा. आजच काढून वाचा.

फाइल घ्यायला स्वतः या, ओळखपत्र आणा. पानांची यादी दोन प्रतींत असेल. एकेक कागद जुळवूनच सही करा. अस्सल दस्तऐवज वेगळ्या पाकिटात मिळतील. पोर्तुगीज काळातील दस्त घडीवर चिरलेले असतात. त्यांना लॅमिनेशन करू नका, कारण मग शिक्का व कागद तपासणे कठीण होते. सपाट फोल्डरमध्ये ठेवा.

आता पैसे. न झालेल्या कामाची फी तुमची आहे. हिशेब पावतीवरील टप्प्यांप्रमाणे होईल. समजा 40,000 रुपये आगाऊ दिले : मुद्दे निश्चित होईपर्यंत 15,000, पुराव्याला 15,000, युक्तिवादाला 10,000. पुरावा निम्मा झाला असेल तर माझे 22,500 होतात, तुम्हाला 17,500 परत. स्टॅम्प व प्रमाणित प्रतींसाठी ठेवलेली रक्कम या फीत मिसळलेली नाही. तिच्यातली शिल्लक खर्चाच्या पावत्यांसह वेगळी मिळेल.

दोन्ही रकमा 15 एप्रिलपर्यंत तुमच्याच बँक खात्यात जमा होतील. नव्या वकिलांकडे वळवायच्या असतील तर तसे लेखी द्या. तोंडी सांगण्यावर मी पैसे वळवणार नाही. नव्या वकिलांची फी त्यांच्याशी स्वतंत्र ठरवा, माझा आकडा त्यांना बांधील नाही. हिशेब पटला नाही तर 30 एप्रिलपूर्वी पावती घेऊन या, समोर बसून पाहू.

ज्यांच्या प्रकरणात नुकताच निकाल लागला आहे त्यांनी मार्चची वाट पाहू नये, याच आठवड्यात यावे. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत 30 दिवसांची असते आणि वकील बदलला म्हणून ती वाढत नाही.

सोबत तुमच्या प्रकरणाचा क्रमांक, पुढची तारीख आणि हिशेबाचा कागद जोडला आहे. कार्यालय सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी 4 ते 7 उघडे असेल.

आपला विश्वासू,
तुमचा वकील