जवारी

जेवणं उरकली आणि स्नेहसंमेलनातला गाण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९८३ च्या बी.एड. बॅचमधले एकूण एक साठी ओलांडलेले. देशमुख सरांनी तंबोरा छेडला आणि सुनंदाच्या कपाळाला आठी पडली.

"जवारी नीट लागली नाहीये," ती पुटपुटली.

"खर्जाचा दोरा सरकलाय," शेजारची रेहाना म्हणाली. उठून स्टेजवर गेली, घोडीवरच्या तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढे घेतला, कान लावला, पुन्हा किंचित मागे. तंबोरा गुंजायला लागला.

"तू गायचीस? कॉलेजात कधी बोलली नाहीस."

"गाणं कुठलं गं. आजोबांना बघून आलं."

"कोल्हापुरात?"

"कोल्हापूरला नंतर आलो. आजोबा गेले, अब्बा एसटीत लागले. त्याआधी मिरज."

सुनंदा तिच्याकडे वळून बसली. कॉलेजात सगळे सुनंदाला पुण्याची म्हणूनच ओळखत.

"आम्हीपण होतो मिरजेत. बाबा रेल्वेत होते ना! मी दुसरी-तिसरीत असेन. खाली दिवसभर कानशीचा आवाज. रात्री कुणीतरी एकच तार वाजवत बसायचं, तेवढ्यात मला झोप लागायची."

"सतारमेकर गल्ली?"

"हो!"

रेहाना हसली नाही. तिला आता एकेक गोष्ट तपासून घ्यायची होती. "दर्ग्याच्या बाजूनं आलं की..."

"डाव्या हाताला हापसा. समोर आमचा जिना. लाकडी, दोन पायऱ्या हलायच्या."

"हापशाला लागून आमचं दुकान."

दोघी गप्प झाल्या. स्टेजवर भूप रंगला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"उन्हाळ्यात पंढरपूरकडून भोपळ्यांची गाडी यायची," सुनंदा म्हणाली. "हे एवढे मोठे! दाराशी रचून ठेवायचे. आई आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही."

"कारण तुमच्या जिन्यावरून एक दगड आला होता."

सुनंदाचा हात तोंडावर गेला.

"सगळ्यांत मोठा भोपळा फुटला," रेहाना सांगत होती. "तानपुऱ्याचा. तसा गोल भोपळा शंभरात एखादाच निघतो. अब्बा मारायला धावले, पण आजोबांनी त्या पोराला आत घेतलं. म्हणाले, बस, सगळ्या भोपळ्यांतल्या बिया काढ. काम झालं की जा."

"राजू तो. माझा धाकटा भाऊ. दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी बाबांची बदली झाली, आम्ही हुबळीला गेलो." सुनंदानं पर्समधून मोबाईल काढला. "थांब, त्यालाच लावते."

पलीकडून "बोल ताई" ऐकू येताच रेहानानं फोन हातातून घेतला.

"राजू, मिरजेहून बोलतेय. बिया काढायच्या राहिल्यात अजून. कधी येतोस?"