बबनकाका, बोर्डासाठी शाळेकडून मनापासून आभार

नमस्कार बबनकाका,

कार्यक्रमाच्या दिवशी एवढी गडबड होती की तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही. नारळ आणि शाल दिली, फोटो झाला आणि तुम्ही लगेच निघालात, पुढच्या कामाची घाई होती म्हणे. म्हणून आज शाळा सुटल्यावर निवांत लिहायला बसले. शिपाईमामांच्या हाती हे पत्र आणि चेक दोन्ही पाठवतेय.

आधी बोर्डाबद्दल. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीलाच नवीन नावाचा बोर्ड लागला पाहिजे असं सगळ्यांच्या मनात होतं. कमिटीतले काही जण म्हणत होते फ्लेक्स लावून टाकू, एका दिवसात मिळतो, स्वस्तात होतो. पण आपल्याकडचा पाऊस आणि वारा बघता फ्लेक्स किती टिकतो ते सगळ्यांना माहितीये, एका पावसाळ्यात कडेने फाटतो आणि उन्हाने रंग उडून जातो. सावित्रीबाईंचं नाव असं फाटकं लोंबकळताना मला बघवलं नसतं. तुम्ही जुना पत्राच घासून घेतलात, रेड ऑक्साईड मारलंत, त्यावर निळ्याचे दोन हात, आणि सकाळी दव असायचं म्हणून ऊन वर येईपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही हा तुमचा हट्ट. तेव्हा मला तारखेची काळजी लागली होती पण आता त्या रंगाची चकाकी बघितली की कळतं तुम्ही का थांबत होतात.

आणि तो फोन! दिलेल्या कागदावर टाईप करणाऱ्याने "क्रांतीज्योती" असं लिहिलं होतं आणि तुम्ही खडूने आखणी करता करता थांबून मला फोन केलात, "बाई, क्रांतिमधल्या ति ला पहिली वेलांटी ना? कागदावर दुसरी दिसतीय." काका, खरं सांगते, त्या क्षणी फार बरं वाटलं. कागदावर आहे तसं रंगवून मोकळं होणारेच जास्त असतात. शाळेच्याच दारावर नाव अशुद्ध असतं तर आम्ही वर्गात मुलांच्या वह्यांमध्ये लाल पेनने काय दुरुस्त करणार? आता पहिली ति ऱ्हस्व, शेवटची ती दीर्घ, सावित्रीमधली वि पहिली आणि त्री दुसरी, सगळं जिथल्या तिथे आहे.

अक्षरांबद्दल तर किती लिहू. फुले आणि विद्यालय मधला ल तुम्ही आपला पाकळीचा काढलाय, खालच्या ओळीत "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा" मधला श देठाचा. २००९ साली सरकारने जीआर काढून मराठीचा ल आणि श असाच काढायचा असं ठरवून दिलं, पण कॉम्प्युटरवर छापलेल्या अर्ध्याअधिक पाट्यांवर अजून हिंदीच्या वळणाचेच दिसतात. आमच्या पहिलीच्या मुलांना पाटीवर जसा ल गिरवायला शिकवतो तसाच आता त्यांना गेटवर दिसतो, आणि पहिलीच्या बाईंनी तर एक तास बोर्डाखालीच घेतला. मुलं मान वर करून बोटाने हवेत गिरवत होती. विद्यालयमधला द्य पण किती सुटसुटीत काढलाय, द आणि य कुठे जोडलेत ते लहान पोराला सुद्धा लगेच समजतं.

तुम्ही काम करत असताना मधल्या सुट्टीत सगळी शाळा शिडीखाली जमायची. तुम्ही एकदाही कुणाला हाकललं नाही उलट दोरा मारायला पाचवीच्या पोरांना टोकं धरायला लावलंत, ती पोरं आता सगळ्यांना सांगत फिरतायत की वरची रेघ आम्ही मारली. सातवीतली एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही, तिने तुम्हाला काठीवर हात टेकवून ब्रश ओढताना बघितलं आणि आता रोज फळ्यावरचा सुविचार तीच लिहिते, पट्टी टेकवून, हळूहळू. अक्षर खरंच सुधारलंय तिचं.

लांबून पण बघितलं मी, एसटीच्या स्टॉपवर उभं राहून. निळ्यावर पांढरं अगदी स्वच्छ वाचता येतं, खालचा यु-डायस नंबर सोडला तर, तो बारीकच असतो, त्याला इलाज नाही.

चेक ठरल्याप्रमाणे आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये बिल लगेच मंजूर झालं, कुणी एक शब्द काढला नाही. पावतीवर सही करून मामांकडेच द्या. आणि एक काम अजून आहे, घाई नाही. वर्गांच्या दारांवरची नावं आणि पाण्याच्या टाकीवरची सूचना पार पुसट झालीये, ती पण तुमच्याच हातची हवीत. परीक्षा संपल्यावर सुट्टीत जमेल का तेवढं मामांना सांगा.

२६ जानेवारीला झेंडावंदनाला नक्की या, काकूंना पण घेऊन या. सकाळी सव्वासातला या म्हणजे आधी चहा होईल.

तुमची,
मुख्याध्यापिका
क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले विद्यालय