आमच्याविषयी: कुडाळचं कोकमाचं दुकान

आमच्या दुकानात चारच वस्तू मिळतात: आमसुलं, आगळ, अमृत कोकम आणि मुठेल. चारही रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या. काजू, आंबापोळी, मालवणी मसाला आम्ही ठेवत नाही. विचारणा रोज होते, पण जे आमच्या खळ्यात वाळत नाही त्याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

दुकान आजोबांनी 1974 मध्ये सुरू केलं. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला नव्हता, कुडाळ रत्नागिरीतच होतं. आजोबा नेरूर, वालावल, झाराप या गावांतून रातांबे आणायचे आणि आजी घरामागच्या खळ्यात आमसुलं करायची. गिऱ्हाईक मुख्यतः मुंबईचे चाकरमानी. मे महिन्यात गावी यायचे आणि परतताना वर्षाची आमसुलं बांधून न्यायचे. एसटीच्या टपावर रात्रभर प्रवास करून माल गिरणगावातल्या खोलीत पोचायचा आणि पुढचा अख्खा पावसाळा तिथे डब्यात राहायचा. कमी वाळलेलं आमसूल अशा ठिकाणी महिनाभरही टिकत नाही. म्हणून आजीने सहा पुटांचा, म्हणजे साल सहा वेळा रसात बुडवून वाळवायचा, नेम घालून घेतला, तो आजही तसाच आहे. आगळ आणि अमृत कोकम 1992 नंतर बाबांनी सुरू केलं. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर बाटल्या न फुटता मुंबईला जाऊ लागल्या, तेव्हा या दोन वस्तूंनी जोर धरला. आता खळं आई आणि काकी बघतात, खरेदी आणि पाठवणी आम्ही दोघं भावंडं.

आमसूल कसं होतं ते सविस्तर लिहितो, कारण बाजारातल्या मालात सगळ्यात जास्त फरक इथेच असतो.

रातांबा एप्रिलच्या मध्यापासून पिकायला लागतो. पूर्ण लाल-जांभळं झालेलं फळच घ्यायचं. हिरवट फळाची साल वाळल्यावर तपकिरी होते, तिला रंग येत नाही. फळ धुऊन, पुसून, मधोमध कापून बिया आणि पांढरा गर बाजूला काढतात. साली एक दिवस कडक उन्हात टाकतात. गर आणि बियांत मीठ घालून ठेवलं की त्याला रस सुटतो. दहा किलो फळाच्या रसाला आम्ही साधारण पाऊण किलो जाडं मीठ घेतो. संध्याकाळी साली या रसात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे एक पूट. अशी सहा पुटं दिली की साल रस पिऊन जाड आणि मऊ होते. दहा किलो रातांब्यांतून किलो-सव्वा किलो आमसूल हाती लागतं.

पुटं वाचवली की दिवस वाचतात. दोन पुटांचं आमसूल दिसायला वाईट नसतं, उलट जास्त लालच दिसतं. पण ते पातळ, कागदासारखं असतं आणि आमटीत चारऐवजी आठ टाकावी लागतात. दुसरी पळवाट मिठाची. शेवटच्या पुटानंतर ओल्या सालीवर वरून मीठ चोळलं की वजन वाढतं आणि ओल झाकली जाते. आमसूल हातात घेऊन झटका. मीठ झडून खाली पडलं तर ते वरून लावलेलं आहे. रसातून मुरलेलं मीठ सालीला घट्ट धरून असतं. जुन्या आमसुलावर कधी बारीक चमकते खडे दिसतात, तेही मीठच, त्याने काही बिघडत नाही. कापसासारखी पांढरी-हिरवी लव आणि कुबट वास आला तर मात्र ती बुरशी आहे. धुऊन-वाळवून वापरू नका, टाकून द्या.

पावसाची गोष्ट वेगळी. जूनच्या पहिल्या सरींनंतर झाडावर राहिलेली फळं पाणी धरतात, आंबटपणा उतरतो, आणि त्या साली वाळायला ऊनही उरत नाही. काही ठिकाणी त्या चुलीच्या धगीवर वाळवतात, मग आमसुलाला धुराचा वास येतो. पहिला मोठा पाऊस पडला की आम्ही खरेदी थांबवतो. म्हणून वळवाचा पाऊस लवकर आलेल्या वर्षी आमचा माल कमी असतो आणि दिवाळीआधीच संपतो. असं झालं की संकेतस्थळावर ‘संपले’ असं दिसतं. दुसऱ्याचा माल घेऊन आम्ही पिशवी भरत नाही.

रंगाबद्दल नेहमी विचारलं जातं. ताजं आमसूल गडद लाल-जांभळं असतं आणि सहा-आठ महिन्यांत काळं पडतं. काळं म्हणजे खराब नव्हे. जुन्या आमसुलाचा आंबटपणा उलट मुरलेला लागतो आणि बांगड्याच्या तिखल्याला तेच बरं. वर्षभरानंतरही लालभडक राहिलेल्या आमसुलाचा संशय धरावा. घरी तपासायचं असेल तर एक आमसूल अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. आधी फेस येईल. सोडा पुरेसा पडला की कोकमाचा स्वतःचा रंग निळसर-हिरवट होतो. पाणी लालच राहिलं तर त्यात वरचा रंग आहे. ही तपासणी आमच्या मालावरही जरूर करा. आगळालाही ती चालते, फक्त आगळ जास्त आंबट असल्यामुळे सोडा थोडा जास्त लागतो.

आगळ म्हणजे ताज्या सालीचा मिठात सुटलेला रस. बरणीत सालीचा थर, मिठाचा थर असं भरायचं, रोज एकदा लाकडी डावाने खालवर करायचं आणि आठ दिवसांनी गाळायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. किलो सालीला 180 ग्रॅम मीठ हे आमचं प्रमाण. मीठ याहून कमी झालं तर आगळ फसफसतं, जास्त झालं तर सोलकढी खारट होते आणि आंबटपणा वाढवायला जागाच राहत नाही. आमच्या आगळात दुसरं काही नसतं, त्यामुळे सोलकढीत मीठ शेवटी, चव घेऊनच घाला. एका मध्यम नारळाच्या दुधाला तीन मोठे चमचे आगळ पुरतं. नारळ कोमट पाण्यात वाटा, दोन लसूणपाकळ्या आणि अर्धी हिरवी मिरची त्यातच वाटून घ्या, आणि तयार सोलकढी गॅसवर चढवू नका. तापली की फुटते, मग कितीही ढवळा, एकजीव होत नाही. आगळ नसेल तर दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करून घ्या. रंग थोडा फिका येईल, चवीत फार फरक पडत नाही.

अमृत कोकमात मीठ नव्हे, साखर. सालीच्या दुप्पट साखर, थराथराने, काचेच्या बरणीत, दिवसा उन्हात. साखर पूर्ण विरघळायला आठवडा-दहा दिवस लागतात. मग गाळून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ. एवढी साखर का, असं अनेकजण विचारतात आणि कमी गोड करून मागतात. सरबत टिकवते ती साखरच. प्रमाण दुपटीच्या खाली आलं की ते आंबायला लागतं, झाकण फुगतं, उघडताना फस्सकन वायू बाहेर येतो. साखर कमी करायची तर टिकाऊ रसायन घालावं लागतं, ते आम्ही घालत नाही. गोड नको असेल तर आगळ घ्या आणि ग्लासभर गार पाण्यात एक लहान चमचा घालून जिरं टाकून प्या. अमृत कोकमाला एक भाग सरबत आणि पाच भाग पाणी हे प्रमाण बसतं. बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि ओला चमचा घालू नका.

मुठेल खूप थोडं होतं. उरलेल्या बिया धुऊन वाळवतात, फोडून आतला मगज काढतात, तो कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेलं तेल काढून घेतात. थंड होताना मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. हे तेल घरातल्या तापमानाला घट्ट राहतं, म्हणून खोबरेल तेलासारखं ओतता येत नाही. चमच्यात थोडं गरम करा किंवा गोळा थेट भेगांवर घासा. टाचा आणि फुटलेले ओठ यांसाठी लोक ते नेतात. वास किंचित धुरकट-तेलकट असतो. आम्ही सुगंध घालत नाही.

कोकमाने वजन उतरतं, साखर ताब्यात राहते असं लिहून विकणारे बरेच आहेत. आमच्या वेष्टनावर तसं काही छापलेलं नाही आणि फोनवरही आम्ही सांगत नाही. हा स्वयंपाकातला आंबट पदार्थ आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी आगळ आणि आमसुलात मीठ भरपूर आहे एवढं लक्षात ठेवावं.

घरी ठेवताना ॲल्युमिनियम, तांबं, पितळ आणि लोखंड टाळा. कोकमाचं आम्ल धातूला खातं, चव कळकते. काचेची किंवा चिनी मातीची बरणी उत्तम. आमटीत आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला, कारण आंबट आधी पडलं की डाळ शिजत नाही. चार माणसांच्या आमटीला चार ते पाच आमसुलं पुरतात आणि ती पाच मिनिटांपेक्षा जास्त उकळू देऊ नयेत.

आमसुलं 250 आणि 500 ग्रॅमच्या पिशव्यांत, आगळ आणि अमृत कोकम 500 मिलीच्या बाटल्यांत येतं. प्रत्येक वेष्टनावर भरल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक असतो. आमसुलं भरल्यापासून दोन वर्षं, आगळ एक वर्ष, अमृत कोकम न उघडता नऊ महिने. नवा माल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. एप्रिल-मे मध्ये मागवलंत तर मागच्या वर्षीचं आमसूल मिळेल. तसं पानावर लिहिलेलं असतं आणि दरही थोडा कमी असतो. बाटली फुटून किंवा गळून आली तर दोन दिवसांत फोटो पाठवा, पाठवणीचा खर्च न घेता दुसरी देतो. चव पसंत पडली नाही म्हणून उघडलेली बाटली परत घेता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मागवणाऱ्यांनी 250 ग्रॅमची आमसुलाची पिशवी घेऊन बघावी. दुकान कुडाळ बाजारपेठेत सकाळी नऊ ते दुपारी एक आणि चार ते आठ उघडं असतं. मे महिन्यात दुपारची सुट्टी नसते.