फडावर निघताय, तर गोळ्यांची पिशवी आधी भरा
(ऊसतोडीला निघणाऱ्या मंडळींसमोर आरोग्यसेविकेचं बोलणं, मारुतीचा पार, बीड जिल्हा)

राम राम मंडळी. बसा, सावलीला बसा. पोरांनो, तो स्पीकर जरा बंद करा. मुकादम भाऊ, तुम्ही मागं उभे राहू नका, पुढं या. आजचं बोलणं जेवढं पेशंटसाठी आहे, तेवढंच तुमच्यासाठी आहे.

चार दिवसांनी गाड्या भरतील. कुणी कोल्हापूरकडं जाणार, कुणी सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात. आता गेलेला माणूस पट्टा पडेपर्यंत गावात दिसत नाही. आणि टीबीचा साधा कोर्स असतो ६ महिन्यांचा. म्हणजे ज्याच्या गोळ्या आत्ता चालू आहेत, त्याचा कोर्स फडावरच पूर्ण व्हायचा आहे. तो तिथं तुटू नये, एवढ्यासाठी आशाताईंना आणि मला आज तुमच्याशी बोलायचंय.

नाव मी कुणाचं घेणार नाही. कुणाच्या गोळ्या चालू आहेत हे ज्याचं त्याला ठाऊक आहे, आणि ते गावात सांगायचं की नाही हे त्यानंच ठरवायचं. पण ऐकायचं मात्र सगळ्यांनी. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. तो कुणाची जात बघत नाही, घर बघत नाही.

आता मुद्द्याचं. गोळ्या सुरू झाल्या की काय होतं? पंधरा-वीस दिवसांत ताप उतरतो. खोकला कमी होतो. भूक लागते, भाकरी गोड लागायला लागते. दुसऱ्या महिन्यात वजनाचा काटा वर सरकतो, अंगात जीव येतो. आणि मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "झालं की आता बरं, किती दिवस ते जहाल औषध खायचं?" कोर्स सुटतो तो इथं. त्रास असताना कुणी गोळी सोडत नाही, बरं वाटायला लागल्यावर सोडतात.

टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. दुसरे साधे जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, ह्याला त्यासाठी २० तासांच्या आसपास लागतात. जे जंतू जागे असतात, वाढत असतात, ते पहिल्या दोन महिन्यांत भराभर मरतात, म्हणून खोकला थांबतो. पण काही जंतू फुप्फुसात नुसते पडून राहतात. खात नाहीत, वाढत नाहीत, त्यामुळं औषध त्यांना लवकर लागू पडत नाही. तुम्ही ऊस तोडणारी माणसं आहात, तुम्हाला मी काय सांगू? ऊस जमिनीलगत तोडला तरी बुडखा आत राहतो, आणि पाणी मिळालं की खोडवा फुटतोच. पहिल्या दोन महिन्यांत वरचा ऊस तुटतो, पुढचे चार महिने बुडखे काढण्यासाठी असतात. चार महिन्यांत एकही दिवस खोकला आला नाही, तरी ते काम आत चालूच असतं.

ही पट्टी बघा. लांबच्यांनी हातात घेऊन बघा, फिरवा पुढं. सुरुवातीचे दोन महिने ह्या एका गोळीत चार औषधं असतात: आयसोनिआझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने त्यातली तीन राहतात, पायराझिनामाइड कमी होतं. रोज किती घ्यायच्या ते वजनावर ठरतं, कुणाला तीन, कुणाला चार. शेजाऱ्याच्या तीन आहेत म्हणून आपण तीन घ्यायच्या असं करायचं नाही. आणि वजन वाढलं तर ते आम्हाला कळवायचं, गोळ्या बदलू शकतात.

चार औषधं का, एक का नाही? एकाच औषधानं सगळे जंतू मरत नाहीत. जो जंतू एकाला दाद देत नाही, त्याला दुसरं औषध मारतं. पण माणूस जेव्हा चार दिवस घेतो, आठ दिवस सोडतो, पुन्हा चार दिवस घेतो, तेव्हा कच्चे जंतू मरतात आणि निबर उरतात. मग त्या निबरांचीच वाढ होते. त्यालाच औषधाला न जुमानणारा टीबी म्हणतात. त्यावर ह्या गोळ्या चालत नाहीत.

आपल्याच भागातला एक गडी, तिशीच्या आतला. दिवाळीआधी गोळ्या सुरू झाल्या होत्या. फडावर गेला, दोन महिन्यांत तब्येत सुधारली. मोळ्या उचलून गाडी भरायला लागला, आणि मग गोळ्यांची पिशवी कोपीच्या मेढीला नुसती टांगलेली राहिली. संक्रांतीनंतर पुन्हा ताप, पुन्हा खोकला, आणि ह्या वेळी बेडक्यात रक्त. परत आला तेव्हा तपासणीत रिफाम्पिसिन लागू पडत नाही असं निघालं. त्याची बायको आणि चार वर्षांची लेक त्याच कोपीत झोपत होत्या. जंतू निबर झाला की दुसऱ्याला निबरच लागतो. ज्यानं आयुष्यात टीबीची एक गोळी खाल्ली नाही, त्यालाही. त्या लेकराकडं बघून मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. त्यांचे उपचार चालू आहेत, तिघंही घेतायत.

निबर टीबीवरही औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. नव्या औषधांनी काहींचं ६ महिन्यांत भागतं, काहींना मात्र दीड वर्षाच्या वर जातं. पण त्यात हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, सारखं तपासायला जावं लागतं. आज रोज तीन-चार गोळ्यांत जे काम होतंय, ते तिथपर्यंत जाऊ का द्यायचं?

काय म्हणालात मामा? हां, लघवी लाल होते. होते, घाबरायचं नाही. ते रक्त नाही, रिफाम्पिसिनचा रंग आहे. घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा थोडं केशरी दिसतं. उलट त्यावरून कळतं की गोळी पोटात गेलीय. मळमळ होत असेल तर मला फोन करा, गोळी कधी आणि कशी घ्यायची ते बसवून देऊ. सांधे दुखतात, पायांची आग होते, त्यावरही गोळी मिळते. त्यासाठी कोर्स बंद करायचा नाही.

पण तीन गोष्टींत थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टर. नजर अंधुक झाली, लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तरी लगेच डॉक्टर. अंगावर पुरळ उठून तोंड सुजलं, तरी लगेच. गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या हे डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं नाही. आणि ज्यांना संध्याकाळी घ्यायची सवय आहे त्यांना हात जोडून सांगते, हे ६ महिने दारूला शिवू नका. गोळ्यांचा ताण आधीच लिव्हरवर असतो.

बायकांसाठी दोन शब्द. दिवस गेले म्हणून टीबीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. गोळ्या बंद झाल्यानं आईलाही धोका, बाळालाही. आम्हाला कळवा फक्त. अंगावर पाजणाऱ्या आयांनीही गोळ्या चालू ठेवायच्या, दूध पाजायचं, तोंडाला कापड बांधायचं. आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर ह्या औषधासोबत त्यांचा भरवसा राहत नाही. तांबी किंवा दुसरं साधन घ्या, जायच्या आधी उपकेंद्रात या. लाजू नका, मीच आहे तिथं.

आता मुकादम भाऊ, तुमच्याशी. तुमची उचल दिलेली असते, खाडा झाला की तुमचंही गणित बिघडतं, हे मला कळतं. पण तपासणीच्या दिवशी माणसाला अर्धा दिवस सोडा. दोन महिने झाले की बेडका तपासायचा, कोर्स संपताना पुन्हा तपासायचा. त्या अर्ध्या दिवसाचा खाडा लावू नका. तो कोर्स तुटला आणि खोकला पुन्हा सुरू झाला, तर शेजारच्या पाच कोप्यांत जातो. टोळीत कुणालाही दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं दिसलं, तर त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. तपासणी फुकट आहे.

ह्यातली मुख्य सोय मी आता सांगते, नीट ऐका. तुमचं नाव टीबीच्या सरकारी नोंदणीत, म्हणजे निक्षयमध्ये, ऑनलाइन चढलेलं आहे, प्रत्येकाचा एक नंबर आहे. गाव बदललं म्हणून पुन्हा पहिल्यापासून काही करावं लागत नाही. कारखाना कुठला, तालुका कुठला, एवढं सांगितलं की आम्ही तुमचं नाव तिकडच्या सरकारी दवाखान्याकडं पाठवतो आणि पुढच्या गोळ्या तिथून मिळतात. वाटेतल्या दिवसांसाठी महिन्याच्या गोळ्या इथूनच बांधून देतो. फड हलला, दुसऱ्या शिवारात गेलात, तर मला नाहीतर आशाताईंना फोन करा. आमचा लागला नाही तर १८०० ११ ६६६६, पैसे पडत नाहीत.

पैशांचंही सांगते, कारण ते तुमच्या हक्काचे आहेत. पोषणासाठी महिना १००० रुपये येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते थेट खात्यात जमा होतात, म्हणून आधार जोडलेलं खातं लागतं. ते डाळ, अंडी, शेंगदाणे यांवर खर्च करा. गोळ्या आहेत आणि पोटात अन्न नाही, असं चालत नाही.

गोळी घ्यायची वेळ एकच ठेवा. फडावर पहाटे उठता, चहाच्या आधी तांब्याभर पाण्यासोबत घ्या. तुमच्यासोबत कोयत्याला जे माणूस आहे, नवरा असो की बायको, त्यानं समोर उभं राहून गोळी गिळलेली बघायची आणि कॅलेंडरवर फुली मारायची. एखादा दिवस राहिला तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. दोन-तीन दिवस राहिले तर लपवू नका, फोन करा. मी रागावणार नाही. महिनाभर खंड पडला तर मात्र पुन्हा तपासणी करावी लागते, आणि बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून.

घरातल्यांनी, विशेषतः ५ वर्षांच्या आतल्या लेकरांनी, तपासून घ्यायचंय. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून वेगळं औषध आहे, तेही पूर्ण करायचं. लेकरं सोबत नेणार असाल तर उद्याच आणा, गाड्या निघाल्यावर मी त्यांना कुठं शोधू?

आता ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पाराच्या मागं शाळेच्या खोलीत या, इथं सगळ्यांसमोर थांबू नका. आधार कार्ड, पासबुक आणि सध्याच्या गोळ्यांची पिशवी सोबत आणा, वजन करून घेऊ. मुकादम भाऊ, तुम्ही टोळीची यादी आणि कारखान्याचं नाव माझ्याकडं लिहून द्या. आशाताई नऊपर्यंत बसणार आहेत, मी शेवटचा माणूस जाईपर्यंत आहे.