पहिलं वर्ष : नोट्स, उजळणी आणि परीक्षेची आदली रात्र
(प्रथम वर्ष कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी, जळगाव)

बारावीपर्यंत एक पुस्तक, एक गाईड आणि वर्षाच्या शेवटी एक परीक्षा असा हिशेब होता. इथे तो बदलतो. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे २ क्रेडिटचा पेपर जेमतेम ३० तासांत शिकवून होतो. त्यातले पाच-सहा तास प्रवेशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आणि पुढच्या सणांत गेले, की हातात काय उरलं ते तुम्हीच मोजा. प्रत्येक पेपरला एकच ठरलेलं पुस्तक असेल असंही नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, प्रिंट काढा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. कोणता घटक किती तासांचा आहे हे त्यात दिलेलं असतं, आणि बहुतेक मुलं ते पान परीक्षेच्या आठवड्यापर्यंत उघडतच नाहीत.

वर्गात काय लिहायचं

सरांचं प्रत्येक वाक्य उतरवून घेणारी वही दिसायला छान असते, पण कामाची कमी. हात चालू असतो आणि डोकं दुसऱ्या बाकावर गप्पा मारत असतं. दुसऱ्या टोकाला काही मुलं फक्त फळ्याचा फोटो काढतात. तो फोटो लग्नाच्या फोटोंखाली गडप होतो.

सोपी पद्धत अशी. पानाच्या डावीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारा. उजवीकडे वर्गात लिहा. डावीकडची पट्टी रिकामी ठेवा, ती संध्याकाळी भरायची आहे. पानाच्या तळाला चार ओळी सोडा. ही मांडणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी गेल्या शतकाच्या मध्याला विद्यार्थ्यांसाठी रूढ केली. दोनशे पानी साध्या वहीत ती आरामात बसते, वेगळी वही घ्यायची गरज नाही.

अर्थशास्त्राच्या एका तासाचं उदाहरण घेऊ. विषय मागणीची किंमत लवचिकता. उजवीकडे एवढंच पुरे :

किंमत बदलली की मागणी किती बदलते, त्याचं माप.
मागणीतील % बदल ÷ किमतीतील % बदल
कांदा : ₹२० → ₹२५ (२५% वाढ). मागणी १०० → ९० किलो (१०% घट). १० ÷ २५ = ०.४
१ पेक्षा कमी = कमी लवचिक.
भरताची वांगी महागली तर? शेवभाजी करतात → पर्याय असला की लवचिकता जास्त.

शेवटची ओळ फळ्यावर नव्हती. मॅडम बोलता बोलता म्हणाल्या आणि वर्ग हसला. नेमकी तीच लिहून ठेवायची. पुस्तकातली व्याख्या पुस्तकात मिळेल, पण ‘पर्यायी वस्तूंची उपलब्धता’ हा मुद्दा पेपरात आठवून देणारं वांगं दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

घरी गेल्यावर डाव्या पट्टीत प्रश्न लिहा : ‘लवचिकता म्हणजे काय? सूत्र?’ ‘०.४ चा अर्थ काय?’ ‘कांदा कमी लवचिक, वांगं जास्त, काबर?’ हो, अहिराणीत लिहिलं तरी चालतं. ही वही तपासायला कोणी येत नाही. विज्ञान शाखेत पुस्तकं इंग्रजीत असतात. तिथे संज्ञा पुस्तकातलीच ठेवा, कारण उत्तरपत्रिकेत तीच लागणार, पण समजावणूक आपल्या बोलीत लिहा. तळाच्या चार ओळींत त्या तासाचं सार लिहा. सार लिहिता येत नसेल तर विषय डोक्यात शिरलेला नाही, आणि ते ऑक्टोबरपेक्षा त्याच संध्याकाळी कळलेलं बरं.

गणित, हिशेबशास्त्र आणि भौतिकशास्त्रातली उदाहरणं यांना ही मांडणी तेवढी लागू पडत नाही. तिथे सोडवलेलं गणित झाकून पुन्हा कोऱ्या पानावर सोडवणं हाच अभ्यास. जर्नल एंट्री वाचून कोणाला आली आहे?

पुन्हा वाचणं आणि आठवून पाहणं

बहुतेकांची उजळणी म्हणजे तेच पान तीनदा वाचणं आणि हायलायटर फिरवणं. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आलं असं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर लिहिता येणं यांत फार अंतर आहे.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहिलं, तेही पुन्हा पुन्हा. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं : आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना सुमारे ४०. रात्री रट्टा मारणारा सकाळी इतका खुशीत का असतो आणि पुढच्या सत्रात तोच विषय त्याला परका का वाटतो, याचं उत्तर यात बरंचसं आहे.

डाव्या पट्टीचा उपयोग इथे होतो. उजवी बाजू तळहाताने किंवा कागदाने झाका, प्रश्न वाचा, उत्तर मोठ्याने बोला किंवा रफ वहीत लिहा, मगच कागद उचला. जे चुकलं त्या प्रश्नापुढे टिंब करा. पुढच्या वेळी टिंबवाले प्रश्न आधी घ्या.

वेळापत्रक, अपडाउन करणाऱ्यांसाठी

सकाळी ५ ते ७ अभ्यास, ७ ते ८ योगासनं असं रंगीत पेनाने आखलेलं वेळापत्रक भिंतीवर शोभतं आणि तिसऱ्या दिवशी मोडतं. आपल्याकडची निम्मी मुलं अपडाउन करतात. कोणी धरणगाव-अमळनेरहून पॅसेंजरने येतं, कोणी एरंडोल-चोपड्याहून एसटीने. गाडी उशिरा आली की दिवस सरकतो. म्हणून घड्याळाच्या वेळा बांधू नका, कामं बांधा.

कोणत्याही तासाची चार वेळा भेट घ्यायची. पहिली त्याच दिवशी, दहा मिनिटं, डावी पट्टी भरायला. दुसरी त्या आठवड्याच्या रविवारी, कागद झाकून. तिसरी साधारण तीन आठवड्यांनी. चौथी परीक्षेच्या आधी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सर्वांत वेगाने पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरलं जातं. म्हणून पहिली भेट छोटी चालेल, पण चुकवू नका.

धरणगावहून येणाऱ्या वाणिज्य शाखेच्या एका मुलीचा आठवडा असा बसतो. परतीच्या गाडीत त्या दिवशीच्या तासांचे प्रश्न लिहायचे. गर्दीत वही उघडता आली नाही तर मैत्रिणीने विचारायचं, हिने सांगायचं. घरी रात्री फक्त हिशेबशास्त्राची दोन गणितं. शनिवार रात्र मोकळी. रविवारी सकाळी दीड तास आठवड्याची उजळणी आणि अर्धा तास तीन आठवड्यांपूर्वीची पानं. एवढंच. आठवड्यातली एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी आहे, कारण एखादा दिवस बुडणारच आणि तो भरून काढायला जागा लागते.

आता खानदेशी दिनदर्शिका समोर ठेवा. श्रावणात कानबाई, घरात पाहुणे आणि रोट. मग पोळा, गणपती, नवरात्र. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटतो, मजूर मिळत नाहीत, आणि घरचे म्हणतात, कॉलेजला सुट्टीच आहे ना, चल वेचायला. जायला हवंच, त्यात वाद नाही. पण पहिल्या सत्राची परीक्षा त्याच दिवसांच्या आसपास येते, म्हणून ‘दिवाळीच्या सुट्टीत करू’ हा बेत शेतकऱ्याच्या घरात मुळातच चुकीचा आहे. निम्मा अभ्यासक्रम गणपतीपर्यंत एकदा आठवून झालेला हवा. दुसऱ्या सत्रात लगीनसराई आणि आखाजी असते, शिवाय ऊन. भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ ला गेल्यावर दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून अभ्यास होत नाही. एप्रिलपासून पहाटे पाच ते नऊ हीच खरी वेळ. दुपारी झोपा किंवा ग्रंथालयात पंख्याखाली बसा.

आदली रात्र

‘नाईट मारतो’ म्हणणाऱ्यांचं बिंग सहसा दुसऱ्या पेपराला फुटतं. पहिला पेपर कसाबसा निघतो, पण झोप बुडालेली असते आणि पुढचा पेपर एका दिवसावर असतो. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. ती तोडली की वाचलेलंही निसटतं. गावात नेमकी त्या रात्री वीज जाते, हा वेगळाच मुद्दा.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि एक तरी घड्याळ लावून पूर्ण लिहा. बाकीच्या नुसत्या चाळल्या तरी प्रश्नांचा कल कळतो. अख्खा घटक ऑप्शनला टाकायचा मोह होईल. टाकायचाच असेल तर प्रश्नपत्रिकेची रचना पाहून टाका. सगळ्या घटकांवर सक्तीचे छोटे प्रश्न असतील तर तो घटक निदान दोन गुणांच्या उत्तरांपुरता तरी यायला हवा. इंटर्नल आणि जर्नल सबमिशन वेळेत द्या. ते गुण पदरात असले की लेखी परीक्षेची धास्ती निम्मी होते.

आणि समजा हे वाचता वाचता तुमच्या हातात फक्त चार दिवस उरले आहेत. तर नवं पुस्तक उघडू नका, कोणाच्या झेरॉक्सचा गठ्ठाही आणू नका. अभ्यासक्रमाचं पान घ्या, जास्त तासांचे दोन-तीन घटक निवडा. प्रत्येकाचे मुख्य प्रश्न एका कागदावर लिहा. एकदा वाचा, झाका, लिहून बघा, चुकलेलं पुन्हा. आदल्या दिवशी तोच कागद. रात्री अकराला बंद. सकाळी हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेन आणि एक गाडी आधीची.

वेळापत्रक आखताना अडलं, तर शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर विभागात या. वही सोबत आणा, कोरी असली तरी चालेल.