पायलच्या प्रगतीपत्रकावरचे 38

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. 3 मे 2025

देवरावभाऊ, नमस्कार.

काल दारव्ह्याच्या बसस्टँडवर तुम्ही मला थांबवलं, तेव्हा माझी गाडी सुटायला आली होती. तुमचं बोलणं अर्धवट ऐकूनच मला चढावं लागलं. पण ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. "मॅडम, पोरीले विज्ञानात अडोतीसच पडले न जी. मागच्या खेपेले चाळीस होते. खालीच चालली थे. तूर इकून ट्यूशन लावू का शाळाच बंद करू, सांगा." असं तुम्ही म्हणालात. पायल दोन दिवसांपासून धड जेवलीही नाही, हेही सांगितलंत. म्हणून आज सकाळी दुसरं काम हाती न घेता आधी हे पत्र लिहायला बसले.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते. ते 38 म्हणजे गुण नाहीत. टक्केही नाहीत. पायलला विज्ञानात 100 पैकी 62 गुण आहेत. प्रगतीपत्रक हातात घ्या आणि विज्ञानाची ओळ डावीकडून वाचा. 'प्राप्त गुण' या रकान्यात 62 आहेत. त्याच ओळीत शेवटी 'पर्सेंटाइल रँक' असा नवा रकाना आहे, 38 तिथं छापलेत. पास व्हायला 35 लागतात हे घरोघरी माहीत असतं. त्यामुळं 38 दिसलं की पोरगी काठावर पास झाली असं कुणालाही वाटेल. हा रकाना आम्ही यंदाच सुरू केला आणि तो काय सांगतो हे दोन ओळींत खाली छापायला हवं होतं. ते राहिलं. ती चूक आमची आहे, तुमची नाही आणि पायलची तर अजिबात नाही.

आता तो आकडा काय आहे ते सांगते. तुम्ही शंकरपटाचे शौकीन, तळेगाव दशासरचा पट चुकवत नाही, म्हणून तिथूनच सांगते. समजा एका पटात 50 बैलजोड्या धावल्या. तुमच्या जोडीला किती सेकंद लागले ते घड्याळ सांगतं. पण घरी आल्यावर शेजारी विचारतो, "किती जोड्या मागं टाकल्या?" हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं. सेकंद म्हणजे पायलचे गुण. किती जोड्या मागं राहिल्या, हे शंभराच्या हिशेबात सांगितलं की झाला पर्सेंटाइल रँक. मराठीत त्याला शततमक म्हणतात, पण तो शब्द कुणी वापरत नाही, म्हणून मीही पर्सेंटाइलच लिहिते.

आमच्या नववीच्या दोन्ही तुकड्या मिळून 50 मुलं आहेत. विज्ञानात पायलपेक्षा कमी गुण 18 मुलांना आहेत. बरोबर 62 गुण दोघांना, ती आणि आणखी एक मुलगा. उरलेली 30 तिच्या पुढं. हिशेब असा करतात की मागची सगळी मोजायची आणि बरोबरीची अर्धी धरायची. म्हणजे 18 अधिक 1, झाले 19. पन्नासात 19, तर शंभरात 38. एवढंच आहे ते.

आता गणिताची ओळ बघा. तिथं गुण 44 आणि पर्सेंटाइल 71. विज्ञानापेक्षा 18 गुण कमी आणि तरी पर्सेंटाइल जवळपास दुप्पट. हे तुमच्या लक्षात आलं नसावं, कारण नजर त्या 38 वरच अडकली. यंदा गणिताचा पेपर फार कठीण निघाला. चांगली चांगली मुलं चाळिशीत राहिली. पायलच्या मागं 35 मुलं आहेत, पुढं फक्त 14. मैदान चिखलाचं असलं की सगळ्याच जोड्यांचे सेकंद वाढतात, पण तरीही कोण पुढं आणि कोण मागं हे ठरतंच ना? गणितात तसं झालं. विज्ञानाचा पेपर मात्र सोपा होता, तो मीच काढला होता, आणि त्यात बऱ्याच मुलांनी साठच्या वर मजल मारली. साठ ते सत्तरच्या मध्ये 24 मुलं एकमेकांना खेटून बसली आहेत.

याच ठिकाणी हा आकडा लोकांना सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जिथं गर्दी असते तिथं थोडेसे गुण वाढले तरी पर्सेंटाइल खूप हलतो. पायलला आणखी 5 गुण मिळून 67 झाले असते, तर आज तिच्या बरोबरीचा आणि तिच्यापुढचे 12 असे 13 जण मागं पडले असते. मग मागं 31 मुलं. पर्सेंटाइल झाला असता 63. पाच गुणांत 38 चे 63! आणि हे 5 गुण कुठले? उत्तरपत्रिका माझ्यासमोर आहे. गतीच्या नियमांवरची उदाहरणं तिनं बरोबर सोडवली आणि शेवटी एकक लिहिलं नाही. 20 न्यूटन लिहायचं तिथं नुसतं 20. ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर करायचं राहून गेलं, म्हणून एक पूर्ण उदाहरण वाया गेलं. द्रव्याचे मोजमाप या धड्यातल्या मोलच्या हिशेबात ती अजून चाचपडते, तेवढा एक भाग खरोखर कच्चा आहे. बाकी वनस्पतींच्या वर्गीकरणात तिला पूर्ण गुण आहेत, आणि आकृत्या तर वर्गात तिच्याइतक्या स्वच्छ कुणी काढत नाही.

टोकाला मात्र गर्दी नसते. वर्गात पहिली आलेली मुलगी आणखी 5 गुण जास्त घेती तर तिचा पर्सेंटाइल जराही हलला नसता. ती आधीच सगळ्यांच्या पुढं आहे. म्हणून पर्सेंटाइल किती वाढला यावरून मुलानं किती मेहनत घेतली हे ठरत नाही.

आता तुमची खरी काळजी, म्हणजे चाळीसवरून अडतीस. पहिल्या सत्रात पायलला विज्ञानात 55 गुण होते, आता 62 आहेत. सात गुणांनी ती वर गेली आहे. तरी पर्सेंटाइल घसरला, कारण तिच्यासोबत बाकीचीही वर गेली. आणि घसरला तरी किती? 50 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे 2 पर्सेंटाइल. तेव्हा तिच्या मागं 19 होते, आता 18. एक मुलगा पुढं निघून गेला, एवढ्याचेच ते 2. लहान वर्गात हा आकडा असाच डुगडुगतो. त्या एका मुलामुळं तुम्ही शाळा बंद करण्याचं बोललात, म्हणून मी एवढं तळमळून लिहिते आहे.

मग आम्ही हा रकाना छापतो तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण पुढं बारावीनंतर अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी यांच्यासाठी सीईटी द्यावी लागते, आणि तिचा निकाल पर्सेंटाइलमध्येच येतो. परीक्षा देणारी मुलं फार असतात, एकाच दिवशी सगळ्यांची परीक्षा होत नाही, दर सत्राचा पेपर वेगळा असतो, कुणाला सोपा येतो, कुणाला कठीण. अशा वेळी नुसते गुण ठेवले तर कठीण पेपर आलेल्यावर अन्याय होईल. म्हणून त्या त्या सत्रात तुमच्या बरोबरीचे आणि मागचे मिळून शंभरात किती, हे मोजतात. तिथं बरोबरीची मुलं पूर्ण धरतात, आमच्यासारखी अर्धी नाहीत, म्हणून त्या सत्रात पहिल्या आलेल्याला 100 पर्सेंटाइल मिळतो. आमच्या पद्धतीनं पहिल्या मुलीला 99 आहे, तिच्या घरच्यांनाही वाटलं असेल की एक कुठं गेला. गावागावात फ्लेक्स लागतात, '92 टक्के मिळवून घवघवीत यश', आणि मुलाचे असतात 92 पर्सेंटाइल. त्याला गुण त्याहून बरेच कमी पडलेले असू शकतात. त्याचं यश खरंच मोठं असतं, शंभरातल्या 92 जणांच्या पुढं जाणं सोपं नाही. पण फ्लेक्सवरचा शब्द चुकीचा असतो, आणि त्याच चुकीनं आज तुमच्या घरात उलटा घोळ घातला.

आता खरं तेही सांगते, नाहीतर मॅडम फक्त गोड बोलतात असं व्हायचं. 30 मुलं तिच्या पुढं आहेत हे खरं आहे. 62 म्हणजे प्रथम श्रेणी, पण पायलच्या हुशारीला 62 कमी आहेत. वर्गात ती प्रश्न विचारत नाही. समजलं नाही तरी मान हलवते. दहावीत ही सवय महागात पडेल. पण त्यासाठी तूर विकून दारव्ह्याला रोज ये-जा करायची ट्यूशन लागत नाही. माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते, यंदा ट्यूशन लावू नका. आपल्या विदर्भात शाळा उन्हामुळं जूनच्या अखेरीस उघडते, तोवर वेळच वेळ आहे. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी अर्धा तास तिनं गतीच्या नियमांची दोन उदाहरणं सोडवावीत, एककासकट. मोलचा धडा मी स्वतः तिला शिकवीन.

तुम्हीही मदत करू शकता. तुम्ही सातवीपर्यंतच शिकलात म्हणून अडत नाही. तिला विचारा, गाडी ताशी 54 किलोमीटरनं धावते तर एका सेकंदात किती मीटर जाते? उत्तर 15 मीटर. ती नुसतं 15 म्हणाली तर विचारा, "पंधरा काय? पंधरा पायली?" एवढं तुम्ही रोज विचारलंत तरी एककाचे गुण परत येतील.

एक विनंती आहे. हे पत्र वाचून झालं की पायलच्या हातात द्या आणि तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा, तिच्या आईसमोर. आपल्याला 62 आहेत हे तिला माहीतच होतं. तुम्ही रागावलात तेव्हा ते सांगायची तिची हिंमत झाली नाही, असं मला वाटतं.

येत्या शुक्रवारी, 9 तारखेला, मी सकाळी आठ ते अकरा शाळेत आहे. पायलला घेऊन या. उत्तरपत्रिका तुमच्यासमोर उघडून दाखवते. गणिताच्या सरांनाही थांबायला सांगितलंय, त्यांना तिच्याशी बोलायचं आहे.

आपली,
वंदना मॅडम
विज्ञान शिक्षिका, नववी-दहावी

ता. क. : मोलच्या धड्यासाठी तिला नवीन वही आणायला लावू नका. जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, मी पाहिली आहेत.