नकारात्मक निष्कर्षांचा अहवाल: डाळिंबाच्या सालीने चादरीचे सूत रंगवण्याचा प्रयोग

प्रति: संचालक मंडळ, विणकर सहकारी संस्था, सोलापूर
सादरकर्ते: संस्थेचा रंगखाना आणि तपासणी विभाग
प्रयोगाचा काळ: मृग बहाराची फळे बाजारात आली तेव्हापासून जूनअखेरपर्यंत
आधार: रंगखान्याची वही, तपासणीची वही, वजनाच्या चिठ्ठ्या, पाणी तपासणीचे कागद, ग्रे स्केलची नोंदपत्रे आणि जपून ठेवलेले लडींचे नमुने

निष्कर्ष

डाळिंबाची वाळलेली साल आणि तुरटी वापरून रंगवलेले सुती सूत सोलापुरी चादरीसाठी घेता येणार नाही. घरगुती धुलाईत रंग टिकत नाही. भांडे बदलले, पाणी बदलले, तरी त्यात पुरेसा फरक पडत नाही. याच पद्धतीवर आणखी साल, पाणी आणि इंधन घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा निष्कर्ष सुती धाग्यापुरता, तुरटीपुरता आणि खाली दिलेल्या धुलाई चाचणीपुरता आहे. लोकर आणि रेशीम आम्ही रंगवलेले नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल या कागदात काही शोधू नये.

प्रश्न काय होता

सांगोला आणि पंढरपूर तालुक्यांत दाणे काढणाऱ्या ठिकाणी डाळिंबाची साल ढिगाने पडते. तिच्यात टॅनिन भरपूर असते आणि टॅनिन तुरटीबरोबर सुतावर पिवळा रंग धरते, हे रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चादर विकत घेणाऱ्यांपैकी काहीजण नैसर्गिक रंगाची मागणी करतात. म्हणून साल वापरून चादरीच्या बाण्याचे सूत रंगवता येईल का, हे पाहायचे ठरले.

काम सुरू होण्यापूर्वीच तीन अटी वहीत लिहून ठेवल्या होत्या. धुलाईनंतर रंगबदल ग्रे स्केलवर किमान ४ असावा (५ म्हणजे अजिबात बदल नाही, १ म्हणजे सर्वात जास्त बदल). दोन लॉटमधील छटा शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना एकच वाटावी. आणि लडीत डाग पडू नयेत. या अटी आधी लिहिल्या होत्या म्हणूनच आज "जवळजवळ जमले" असे म्हणायची सोय राहिलेली नाही, आणि ते चांगलेच झाले.

पद्धत, थोडक्यात

साल शेडच्या पत्र्यावर वाळवून भरडली. सुताच्या वजनाइतकीच साल घेऊन एक तास उकळली आणि अर्क गाळला. सूत आधी सोडा-साबणात उकळून कोरे केले, मग त्याच्या वजनाच्या १५ टक्के तुरटीत बुडवले आणि शेवटी अर्कात तासभर गरम ठेवले. एक किलो सुताला २० लिटर पाणी हे प्रमाण सर्व लॉटमध्ये सारखे होते. साध्या तुलनेसाठी बिनतुरटीचा एक लॉट केला, आणि बाजारातील रिॲक्टिव्ह रंगाने रंगवलेली एक लडी प्रत्येक धुलाईत बरोबर ठेवली.

धुलाई आयएसओ १०५-सी१० मधील तिसऱ्या प्रकाराने केली: ६० अंश सेल्सिअस, ३० मिनिटे, लिटरमागे ५ ग्रॅम साबण आणि २ ग्रॅम धुण्याचा सोडा. चादर आपल्याकडे घराघरांत गरम पाण्यात, सोडा घातलेल्या पावडरीने धुतली जाते, म्हणून हीच चाचणी योग्य आहे. यापेक्षा सौम्य चाचणी लावून उत्तीर्ण झालो असतो तर विणकराची फसवणूक झाली असती.

काय मिळाले

| लॉट | अर्काचे भांडे | पाणी | छटा | धुलाईनंतर |
|---|---|---|---|---|
| सुरुवातीचे लॉट | लोखंडी पिंप | बोअर | करडी-हिरवट, डाग | २ |
| भांडे बदलल्यानंतर | स्टीलचे पातेले | बोअर | फिकट खाकी, डाग | २-३ |
| पाणी बदलल्यानंतर | स्टीलचे पातेले | नळाचे | पिवळी, डाग कमी | २-३ |
| सर्वात अनुकूल | काचेचे बीकर | आरओ | स्वच्छ सोनेरी पिवळी | ३ |
| बिनतुरटीचा | स्टीलचे पातेले | आरओ | मळकट पिवळी | १-२ |
| रिॲक्टिव्ह रंग | – | – | – | ४-५ |

शेवटच्या ओळीमुळे एक शंका मिटते. धुलाईची चाचणीच जरुरीपेक्षा कडक असती तर रिॲक्टिव्ह रंगही घसरला असता. तो घसरला नाही, म्हणजे चाचणी बरोबर आहे आणि सालीचाच रंग कमी पडतो.

कारणे

वहीत पहिले कित्येक आठवडे "पाणी खराब" एवढेच कारण लिहिलेले आढळते. संक्षेप करताना ते तसेच उतरवले असते तर हा अहवाल चुकीचा झाला असता. प्रत्यक्षात तीन वेगळ्या बिघाडांना तीन वेगळी कारणे होती आणि ती एकमेकांत मिसळली होती.

छटा करडी का झाली? डाळिंबाच्या सालीचा अर्क आंबट असतो. आमच्या मापात त्याचा पीएच चारच्या खाली होता. असा अर्क लोखंडी पिंपात तासभर उकळला की लोखंड विरघळते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळसर-निळसर रंग तयार होतो. जुनी शाई याच मार्गाने बनत असे, आणि रंगारी हिराकस घालून मुद्दाम राखाडी छटा काढतात. आमच्या बाबतीत हिराकस कोणी घातला नव्हता, पिंपानेच ते काम केले. पातेले बदलताच करडेपणा बराचसा गेला. पूर्ण गेला नाही, कारण बोअरच्या पाण्यातही थोडे लोह आहे.

डाग का पडले? आपल्या बोअरचे पाणी जड आहे. आम्ही केलेल्या मोजणीत कडकपणा लिटरमागे ६२० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० मिलिग्रॅम योग्य मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते, यावरून कल्पना यावी. अशा पाण्यात तुरटी घातली की पाण्यातील बायकार्बोनेट तिच्याशी भिडते आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो. तुरटीचा काही भाग सुतात शिरण्याऐवजी साक्यात जातो, आणि साका जिथे धाग्याला चिकटतो तिथे रंग गडद उमटतो. रंगखान्यातल्या एका अनुभवी कामगाराने हे सर्वात आधी ओळखले. तुरटीचे पाणी दुधासारखे दिसले की ती लडी डागी निघते, असे त्यांनी सांगितले आणि वहीच्या कडेला तसे टिपलेही. ती टीप मुख्य नोंदीत नव्हती. तिचे श्रेय इथे त्यांना देत आहोत.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे आहे, आणि त्यावर भांड्याचा किंवा पाण्याचा उपाय चालत नाही. आरओ पाणी, काचेचे बीकर, एकसारखी सोनेरी छटा, डाग नाहीत, आणि तरीही धुलाईनंतर ३. लोकर-रेशमात प्रथिने असतात. त्यांच्यातील अमिनो गट टॅनिनला घट्ट धरतात. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्याकडे तशी पकड नाही, टॅनिन त्यावर कमकुवत बंधांनी टेकलेले असते आणि तुरटी तो टेकू थोडा मजबूत करते एवढेच. धुण्याचा सोडा पडला की पाणी अल्कधर्मी होते, टॅनिनचे फिनॉल गट विद्युतभारित होऊन पाण्याकडे ओढले जातात, आणि उरलेला रंग हवेतील ऑक्सिजनमुळे तपकिरीकडे झुकतो. धुलाईनंतरच्या नमुन्यांत नेमके हेच दिसते: रंग फिका तर झालाच, शिवाय पिवळ्याचा खाकी झाला.

लॉट ७ बद्दल

वही चाळणाऱ्याची नजर लॉट ७ वर अडकेल, कारण तिथे ४ लिहिले आहे. तो लॉट याच अहवालातील पद्धतीने रंगवला होता. त्याचे नोंदपत्र काढून पाहिले तेव्हा धुलाई पहिल्या प्रकाराने, म्हणजे ४० अंशांवर आणि सोड्याशिवाय झालेली आढळली. त्याच लॉटची राखून ठेवलेली लडी ६० अंशांवर सोड्यासह धुतली, तेव्हा २-३ मिळाले. म्हणून तो आकडा वरच्या तक्त्यात नाही, पण वहीतून खोडलेलाही नाही. शेजारी चाचणीचा प्रकार लाल शाईने लिहिला आहे. उलट हा लॉट आमच्या तिसऱ्या कारणाला पुष्टी देतो: सोडा आणि उष्णता नसेल तेव्हा रंग बऱ्यापैकी टिकतो.

ज्याबद्दल ठाम सांगता येत नाही

साल कुठल्या फळांची होती याची नोंद प्रत्येक पोत्यावर नाही. बहुतेक साल भगवा जातीची असावी. काही पोत्यांत तेल्या रोगाने डागाळलेल्या फळांची साल होती, काहींना वाळताना बुरशी आली. टॅनिनचे प्रमाण यामुळे बदलले असेल, पण ते मोजलेले नाही. लॉटमधील छटेच्या फरकाचा काही भाग यातून आला असण्याची शक्यता आहे, एवढेच म्हणता येते.

गच्चीवर पुठ्ठ्याखाली अर्धी झाकून वाळत टाकलेली लडी पुष्कळ फिकी झाली. प्रमाणित निळ्या लोकरीच्या पट्ट्या बरोबर नव्हत्या, म्हणून उन्हातील टिकाऊपणाचा निष्कर्ष काढलेला नाही.

पुढच्या कामासाठी

अर्क आंबट असेल तर लोखंड नको. स्टील किंवा तामचिनीचे भांडे घ्यावे. तुरटी घालण्यापूर्वी एका ग्लासात थोडी तुरटी आणि कामाचे पाणी मिसळून पाहावे, दूधट झाले तर त्या पाण्यात लडी बुडवू नये. ही तपासणी क्षणाची आहे आणि कुठल्याही नैसर्गिक रंगाला लागू आहे.

नोंदींबाबत आमचा आग्रह अधिक आहे. प्रत्येक आकड्यापुढे चाचणीचा प्रकार, भांडे, पाणी आणि पोत्याचा क्रमांक लिहिला जावा. कामगाराने तोंडी सांगितलेले निरीक्षण कडेला न टिपता त्याच रकान्यात, त्याच्या नावासह उतरवावे. आणि पहिल्या लॉटपासून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भांडे, पाणी आणि तुरटी यांचा गुंता सुटायला एवढे महिने लागले, ते ही शिस्त उशिरा आल्यामुळे.

हिरड्याची आधी प्रक्रिया द्यावी, अशी सूचना बैठकीत आली होती. हिरड्यातील टॅनिनही सालीतल्या टॅनिनच्याच कुळातले आहे, म्हणून रंग गडद होईल पण सोड्यापुढे टिकण्याची आशा कमी वाटते. संस्थेला करायचेच असेल तर आरओ पाण्यात, पाच-सहा लडींवर, आणि पहिल्याच दिवशी ६० अंशांची धुलाई लावून करावे. त्यात ४ आले नाहीत तर तिथेच थांबावे. सुताला आधी धनभार देणारी रसायने वापरली तर पकड वाढू शकते, परंतु मग चादरीवर "नैसर्गिक रंग" असे लिहावे का, हा प्रश्न रंगखान्याचा नसून संचालक मंडळाचा आहे.

रंगवलेल्या लडींचे धुलाईपूर्वीचे आणि नंतरचे नमुने क्रमांकानुसार पुठ्ठ्यावर लावून तपासणी विभागाच्या कपाटात बंद ठेवले आहेत, म्हणजे उजेडाने त्यांची छटा बदलणार नाही. मूळ वह्या त्याच कपाटात आहेत. इतर विणकर संस्थांच्या रंगाऱ्यांना त्या पाहायच्या असतील तर दाखवाव्यात, अशी परवानगी या अहवालासोबत मागत आहोत. शिल्लक राहिलेली वाळलेली साल कोरड्या पोत्यांत आहे. तिचे काय करायचे ते मंडळाने पावसाचा जोर वाढण्यापूर्वी कळवावे.